रूम शेअर करून एसआयपी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, तुमचं गणित कागदावर छान आहे. एकट्याचा वनबीएचके २१,००० आणि तिघांत टूबीएचके ३३,०००, म्हणजे महिन्याला १०,००० वाचले आणि ते एसआयपीत टाका. प्रत्यक्षात एक जण मध्येच सोडून जातो, लाईट बिल वाढतं, डिपॉझिट अडकतं. मग एसआयपी पहिली बंद पडते. मी घणसोलीत तीन वर्षं हेच बघतोय."

दादा, तुमचा अनुभव खरा आहे. आमच्या ऐरोलीतही काही वेगळं घडत नाही. पण त्यावरून रूम शेअर करू नये असं मी म्हणणार नाही. पूर्ण १०,०००ची एसआयपी लावू नये, एवढंच त्यातून निघतं.

माणूस जातो हे धरूनच चालायचं. पुण्याला नोकरी लागते, लग्न ठरतं. अकरा महिन्यांत एक बेड दोन महिने रिकामा राहील असं समजा. त्याचे ११,००० उरलेल्या दोघांत वाटले की महिन्याला ५,५०० जादा, दोन महिन्यांचे ११,००० होतात. अकरा महिन्यांवर पसरले तर दरमहा १,०००.

लाईट बिलाचं तुम्ही म्हणता ते पटतं, आणि त्याचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो: १००, ३००, ५०० युनिट. एकटा माणूस खालच्या टप्प्यांत राहतो. तिघांचं वापरणं एकाच मीटरवर आलं, त्यात दोन एसी असले, की मे महिन्यात वरचे युनिट सगळ्यात महागड्या दराने लागतात. म्हणून बिलाला तीनने भागलं तरी वाटा एकट्याच्या बिलापेक्षा कमी येतोच असं नाही. मी त्यासाठी महिन्याला ५०० बाजूला धरते.

तुमच्या प्रतिक्रियेत एक मुद्दा राहिला, तो सगळ्यात मोठा आहे: एचआरए. जुन्या करप्रणालीत असाल तर भाडं कमी झालं की करसवलतही कमी होते. समजा बेसिक ४०,००० आणि एचआरए १६,०००. नवी मुंबईला मुंबईसारखी बेसिकच्या ५० टक्क्यांची मर्यादा लागू नाही, ४०चीच लागते, म्हणजे ती मर्यादाही १६,०००च. एकट्याने २१,००० भाडं भरलं तर त्यातून बेसिकचे १० टक्के वजा जाऊन १७,००० उरतात, म्हणून सगळे १६,००० करमुक्त. ११,००० भरले की ७,०००च करमुक्त. उरलेल्या ९,०००वर २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट सुमारे १,९०० कर. नव्या करप्रणालीत एचआरएची सवलतच नाही, त्यामुळे तिथे हा फटकाही नाही.

तेव्हा खरी बचत जुन्या प्रणालीत ६,६०० आणि नव्या प्रणालीत ८,५०० निघते. एसआयपी अनुक्रमे ६,००० आणि ८,०००ची लावा. ६,००० पाच वर्षं गेले तर मुद्दल ३ लाख ६० हजार होते. वर्षाला १० टक्के मिळाले तर साधारण ४ लाख ६८ हजार होतील. मात्र इक्विटी फंडात पाच वर्षांनी मुद्दलापेक्षा कमी दिसण्याची वेळही येऊ शकते. तेवढी तयारी नसेल तर आरडी बरी.

पण एसआयपीच्या आधी पहिल्या दोन महिन्यांची बचत लिक्विड फंडात ठेवा. सात दिवसांनंतर एक्झिट लोड नाही, आणि पैसे सहसा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी खात्यात येतात. बेड रिकामा झाला की जादाचे ५,५०० तिथून काढायचे, एसआयपीला हात लावायचा नाही. नवा माणूस आला की लिक्विड फंडातून काढलेले पैसे पुन्हा तिथे भरायचे.

एसआयपी बंद पडते त्याचं मी पाहिलेलं कारण वेगळंच आहे. तिघांपैकी एक जण सगळ्यांकडून पैसे गोळा करून मालकाला एकरकमी ३३,००० पाठवतो. एकाचा जीपे यायला दहा तारीख उजाडते, आणि सात तारखेला एसआयपी कापायच्या वेळी गोळा करणाऱ्याच्या खात्यात हप्त्यापुरतेही पैसे नसतात. फंड दंड लावत नाही, बँक मात्र बाउन्सचे पैसे कापते. सलग तीन हप्ते हुकले की एसआयपी रद्द. म्हणून प्रत्येकाने आपला वाटा थेट मालकाच्या खात्यात टाकायचा, आणि लीव्ह अँड लायसन्सवर तिघांचीही नावं घ्यायची. मालक कुरकुर करतो, तीन-तीन एन्ट्री कशाला म्हणतो. पण एचआरएसाठी आपल्या वाट्याचा पुरावाही त्यातूनच मिळतो.

डिपॉझिटचं म्हणाल तर मालक मधेच एकाचा वाटा परत देत नाही. जाणाऱ्याला येणाऱ्याकडून घ्यावा लागतो. तो व्यवहार बँकेतूनच करा, आणि मालकालाही त्या मेसेजमध्ये घ्या. येणारा मिळेपर्यंत जाणाऱ्याने थांबायचं, की उरलेल्या दोघांनी तात्पुरते भरायचे, हे राहायला येतानाच ठरवून टाका.