चहात दूध घातलं की अँटिऑक्सिडंट्स खरंच संपतात का?

"चहात दूध घातलंस की त्यातले अँटिऑक्सिडंट्स मेले." हे वाक्य पुण्यात हल्ली कुठेही ऐकू येतं. सकाळी टेकडीवर, योगवर्गात, लग्नाच्या पंगतीत सुद्धा. आमच्या वहिनींनी याच एका वाक्यापायी वर्षानुवर्षांचा आल्याचा चहा सोडला आणि आता त्या तोंड कसनुसं करत कोरा चहा पितात. आवडून पीत असत्या तर मी एक अक्षर बोलले नसते. पण मी जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि या वाक्याच्या मागे नक्की काय आहे ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी त्यातलं खरं काय ते. चहातले अँटिऑक्सिडंट्स म्हणजे मुख्यतः पॉलिफेनॉल्स नावाची संयुगं, आणि ती प्रथिनांना चिकटतात. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. कडक कोरा चहा प्या, जीभ आणि गालाची आतली बाजू आक्रसल्यासारखी होते. तुमच्या लाळेतल्या प्रथिनांना चहा चिकटला, म्हणून तो तुरटपणा. आता त्याच कपात दोन चमचे दूध घाला. तुरटपणा लगेच उतरतो, कारण चहाला चिकटायला दुधातलं केसीन हे प्रथिन मिळालं. तेव्हा दूध पॉलिफेनॉल्सना धरून ठेवतं यात वाद नाही. वाद आहे तो पुढे, म्हणजे पोटात गेल्यावर ती पकड टिकते का, यावर.

दूध सगळं रद्द करतं ही समजूत पसरायला १९९६ मधला रोमचा एक अभ्यास बराचसा कारणीभूत आहे. पाच-पाच निरोगी माणसांचे दोन गट. एकाला ३०० मिली कोरा काळा चहा, दुसऱ्याला ग्रीन टी, दोन्ही उपाशीपोटी. नंतर रक्ताची एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता मोजली, ती वाढलेली दिसली. वेगळ्या एका दिवशी त्याच चहात १०० मिली दूध घातलं, तर वाढ दिसलीच नाही. वाचणाऱ्याला वाटणार, संपलं, सिद्ध झालं.

पण 'एकूण क्षमता' हा आकडा फार ढोबळ आहे. रक्ताच्या या क्षमतेत मोठा वाटा यूरिक ॲसिडचा आणि रक्तातल्या प्रथिनांचा असतो, चहाचा त्यात जेमतेम थेंब. म्हणून १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जास्त थेट प्रश्न विचारला: चहातले कॅटेचिन्स, म्हणजे याच पॉलिफेनॉल्सचा एक प्रकार, स्वतः रक्तात पोचतात का? बारा जणांना कोरा काळा चहा, दुधाचा चहा आणि ग्रीन टी वेगवेगळ्या दिवशी दिला आणि काही तास रक्त तपासत राहिले. दुधाने कॅटेचिन्सच्या शोषणात फरक पडला नाही. हा अभ्यास चहा विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतला आहे, हे लक्षात ठेवलंच पाहिजे. पण पुढे स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या गटालाही दुधाने शोषण घटलेलं दिसलं नाही. आणि आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००५ च्या अभ्यासातही निष्कर्ष हाच निघाला की दूध घातल्याने काळ्या चहाचा शरीरातला अँटिऑक्सिडंट परिणाम पुसला जात नाही.

असं का होत असावं, याचं कारण साधं आहे. केसीन हे प्रथिन आहे, आणि प्रथिनं पचवणं हे पोटाचं आणि आतड्याचं रोजचं काम. एंझाइम्स केसीनचे तुकडे करतात आणि त्याला चिकटलेले कॅटेचिन्स मोकळे होतात. पेल्यातली पकड आतड्यात त्याच ताकदीची राहत नाही.

इथे थांबले असते तर वहिनींना सांगून टाकलं असतं, खुशाल प्या. पण एक गोष्ट दुधाच्या विरोधात जाते, आणि ती झाकून ठेवणं मला पटत नाही. २००७ मध्ये बर्लिनमध्ये १६ निरोगी स्त्रियांना अर्धा लिटर कोरा चहा, साय काढलेलं दूध दहा टक्के घातलेला चहा आणि नुसतं गरम पाणी अशा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी दिल्या. मग दंडावर पट्टा आवळून रक्तप्रवाह काही मिनिटं थांबवला, पट्टा सोडला आणि रक्त परत धावू लागल्यावर धमनी किती फुलते ते सोनोग्राफीने मोजलं. कोऱ्या चहानंतर धमनी जास्त फुलली, दुधाच्या चहानंतर ती वाढ गायब. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने १७ जणांना चार-चार आठवडे चहा देऊन हेच मोजलं, तेव्हाही कोरा चहा सरस ठरला.

म्हणजे कॅटेचिन्स रक्तात पोचतात आणि तरीही धमनीवर दुधाचा चहा वेगळा वागतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण धमनी फुलणं हे निव्वळ अँटिऑक्सिडंट्सचं काम नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने ती सैल पडते, आणि चहातले काही घटक या पेशींना चालना देतात. अभ्यास लहान आहेत, माणसं निरोगी होती. धमनी थोडी कमी फुलली म्हणून पुढे हृदयविकार वाढला, असं यातल्या कुणी दाखवलेलं नाही. शिवाय बर्लिनच्या त्या कपात दहा टक्के दूध होतं. आपल्या अमृततुल्यात निम्मं दूध, वर साखर, आणि सगळं एकत्र उकळलेलं. तो चहा त्या प्रयोगात नव्हता. कोरा चहा आवडत असेल तर धमन्यांसाठी प्या, मला मान्य आहे. पण "अँटिऑक्सिडंट्स मेले" हे कारण सांगू नका, ते चुकीचं आहे.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती या वादात कुणी काढत नाही: लोह. चहातली तीच पॉलिफेनॉल्स जेवणातल्या लोहालाही चिकटतात. १९९९ च्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर काळा चहा दिल्यावर लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. चहात दूध घालून पाहिलं, तरी फारसा फरक पडला नाही. आता याचा अर्थ बघा. दुधाने पॉलिफेनॉल्सना खरंच निकामी केलं असतं, तर लोह मोकळं सुटून शोषलं जायला हवं होतं. तसं झालं नाही. दुधाने सगळं रद्द होतं, या समजुतीला याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

आणि पुणेरी नाश्त्याला हे थेट लागू पडतं. पोह्यांची ताटली आणि शेजारी वाफाळता चहा ही आपली जोडी. पोहे, भाकरी, पालेभाजी यांतलं लोह वनस्पतीजन्य, म्हणजे चहाला सहज सापडणारं. पोह्यांवर पिळलेलं लिंबू शोषणाला मदत करतं, तेवढ्यात चहा उलट दिशेला ओढतो. वहिनींचं हिमोग्लोबिन गेल्या तपासणीत कमी आलंय आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. ती गोळी त्या नाश्त्यानंतर कोऱ्या चहाबरोबर घेतात, हे मी स्वतः पाहिलंय. दूध सोडल्याने तिथे काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही.

मी त्यांना म्हटलं, "वहिनी, आल्याचा चहा पुन्हा सुरू करा, फक्त नाश्त्यानंतर तासाभराने. आणि गोळी चहाबरोबर नको, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या." हे तासाचं अंतर मी मनाने सांगितलेलं नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या निरोगी स्त्रियांवरच्या अभ्यासात जेवणाबरोबरच्या चहाने लोहाचं शोषण घटलं होतं, आणि चहा तासभर पुढे ढकलल्यावर ती घट बरीच कमी झाली. दूध किती घालायचं, तो त्यांचा प्रश्न.