डब्यात सापडल्या २९ मोठ्या गोळ्या

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात सध्या टीबीचं औषध चालू आहे त्यांनी तरी वाचा, बाकीच्यांनी वेळ असला तर वाचा.

माझे मामा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतात. पाच एकर कोरडवाहू, कापूस अन तूर. दसऱ्यापासून खोकला होता, तो दिवाळी झाली तरी जाईना, रात्री घाम यायचा, वजन उतरत उतरत ४१ किलोवर आलं. तालुक्याच्या एका प्रायव्हेट डॉक्टरनं एक्सरे पाहून टीबी सांगितला, थुंकी काही तपासली नाही (यावर मी वेगळं लिहीन, आज नको), अन किट लिहून दिली. किट म्हणजे काय तर एका दिवसाच्या सगळ्या गोळ्या एका पाकिटात, प्रत्येक गोळीचं वेगळं घर, वेगळा रंग, वेगळा आकार. मामांच्या पाकिटात ५ होत्या. एक लाल कॅप्सूल रिफाम्पिसिनची, एक लहान गोळी आयसोनियाझिडची, एक इथॅम्ब्युटॉलची अन दोन पायराझिनामाइडच्या, त्या दोन चांगल्याच मोठ्या. रंग कंपनीनुसार बदलतात, पण रिफाम्पिसिन हे औषध मुळातच विटकरी लाल असते त्यामुळे ते लपत नाही.

२४ व्या दिवशी मी गेलो. मामांचा खोकला जवळजवळ बंद, चेहऱ्यावर तजेला, जेवण वाढलेलं. मी खूश. मग मामीनं हळूच कोनाड्यातला एक पत्र्याचा डबा आणून पुढे ठेवला अन म्हणाली, "हे पाहा बापू तुमच्या मामाचे धंदे." डब्यात मोठ्या गोळ्या २९ अन लाल कॅप्सूल ७.

मामांना विचारलं तर ते आपल्या जागी एकदम बरोबर! "अरे त्या मोठ्या गोळ्या घेतल्या का गुडघे धरतेत बाप्पा, उठता येत नाही. बाकीच्या तं घेतोच ना मी." अन लाल? तर लाल गोळीनं लघवी लाल होते, वावरात वेचणीचे मजूर असले की लोक पाहतात, रक्त जाऊन राह्यलं म्हणतात, म्हणून मजूर असायचे त्या दिवशी लाल बाजूला. म्हणजे त्यांच्या हिशोबानं एकही दिवस चुकला नव्हता. रोज पाकीट फोडलं, रोज औषध घेतलं. फक्त आपल्याला सोसतील तेवढ्या गोळ्या निवडून घेतल्या, जसं आपण चिवड्यातले शेंगदाणे निवडतो.

मी बसून हिशोब मांडला. २४ दिवसांच्या मोठ्या गोळ्या ४८ व्हायला पाहिजे, २९ डब्यात म्हणजे पोटात गेल्या १९. पहिले ९ दिवस दोन्ही घेतल्या, दहाव्या दिवशी एक घेतली, अन तिथून पुढे एकही नाही. वेचणी सुरू झाली ती पण त्याच्यानंतरच. म्हणजे त्या ७ दिवशी लाल पण नाही, मोठ्या पण नाहीत, मामांच्या पोटात फक्त आयसोनियाझिड अन इथॅम्ब्युटॉल. यातलं इथॅम्ब्युटॉल हे मारणारं औषध कमी अन जंतू वाढू न देणारं जास्त. म्हणजे खरी लढाई ७ दिवस एकट्या आयसोनियाझिडवर चालली होती.

आता एकट्यानं लढलं तर काय बिघडतं, हे मी मामांना कापसावरून सांगितलं कारण तेच त्यांना पटते. आपल्याकडे आधी एका जीनची बीटी आली. गुलाबी बोंडअळीनं ती हळूहळू पचवली. मग दोन जीनची आली, पण पहिला जीन तिच्यापुरता निकामी होत चाललेला, त्यामुळे कागदावर दोन असले तरी शेतात दुसरा एकटाच लढत होता, अन तोही पचला. २०१७ ला बोंडं फोडून आपण आत काय पाहिलं ते मी सांगायची गरज नाही. मामा एकदम गप्प झाले. त्यांचं त्या वर्षी सगळं वावर गेलं होतं.

टीबीच्या जंतूचं तसंच आहे. फुप्फुसात खड्डा पडला असला तर त्या एका खड्ड्यात १० कोटीच्या आसपास जंतू असू शकतात. त्यात साधारण १० लाखांत एक जंतू असा असतो की ज्याला आयसोनियाझिड मुळातच लागू पडत नाही, औषध सुरू व्हायच्या आधीपासून असतो तो. म्हणजे १० कोटीत असे शंभरेक निघाले. रिफाम्पिसिनला न जुमानणारा असाच १० कोटीत एखादा. पण दोन्हीला एकाच वेळी न जुमानणारा जंतू निघायला एवढे जंतू लागतील की तेवढे माणसाच्या अंगात मावतच नाहीत. म्हणून दोन्ही सोबत पाहिजे. ज्या दिवशी लाल काढली त्या दिवशी त्या शंभरांना मोकळं रान, बाकीचे मरून राह्यले अन हे वाढून राह्यले. खोकला मात्र कमीच होत जातो, कारण मरणारे जास्त आहेत. म्हणून "बरं वाटते" याच्यावर काहीच ठरवता येत नाही.

बरं मग त्या मोठ्या दोन कशाला? तर हे ऐका. काही जंतू सूज आलेल्या जागी, आम्ल वातावरणात, जवळपास झोपल्यासारखे पडून राहतात. बाकीची औषधं वाढणाऱ्या जंतूवर जोरात चालतात, या झोपलेल्यांवर पायराझिनामाइड चालते. हे औषध सुरुवातीच्या दोन महिन्यांत नीट गेलं तरच कोर्स ६ महिन्यांत संपतो, नाही गेलं तर डॉक्टर लोक ९ महिन्यांचा धरतात. अन गंमत (गंमत कसली) अशी की या मोठ्या गोळ्या दोनच महिने असतात! त्यानंतर त्या औषधातून आपोआप निघून जातात. मामांना हे कोणीच सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं सहा महिने असेच गुडघे धरून बसायचं. त्या गोळीनं अंगातलं युरिक ॲसिड बाहेर पडणं कमी होते म्हणून सांधे दुखतात, बहुतेक वेळा साध्या दुखण्याच्या गोळीवर भागते, डॉक्टरला विचारून. पाच मिनिटाचं बोलणं होतं हे. लाल लघवीचं तर अर्ध्या मिनिटाचं, की बाबा हा औषधाचा रंग आहे, रक्त नाही, घाम अन डोळ्यातलं पाणी पण थोडं रंगेल, घाबरू नको. उलट घरच्यांसाठी ती खूणच आहे. गोळी घेतल्यावर काही तासांत लघवी केशरी झाली नाही तर लाल पोटात गेली नाही असं समजून विचारपूस करायला हरकत नाही.

आमच्या गावात अजून एक प्रकार पाहिला, तो पण सांगून टाकतो. एक बाई रोजचं पाकीट वाटून घ्यायची, दोन गोळ्या सकाळी, तीन रात्री, एकदम पाच घेतल्या की मळमळते म्हणून. एकही गोळी सोडली नाही बिचारीनं. पण ही औषधं सोबत घ्यायची ती यासाठी की रक्तात सगळ्यांचा जोर एकाच वेळी चढला पाहिजे, जंतूला सगळे मार एकदम बसले पाहिजे. अन रिफाम्पिसिन उपाशी पोटी चांगलं भिनते, रात्रीच्या जेवणावर घेतलं तर कमी. मळमळ फारच होत असेल तर वेळ बदलायची का, थोडं काही खाऊन घ्यायचं का, हे डॉक्टर ठरवेल, पण पाकीट फोडून वाटे पाडायचे नाहीत.

माझं स्पष्ट मत आहे, अन प्रायव्हेटवाले नाराज झाले तरी चालेल, की आपल्या खेड्यातल्या पेशंटला सुट्या रंगीत गोळ्यांची किट देणं म्हणजे त्याच्या हातात निवडायची सोय देणं आहे. सरकारी दवाखान्यात जी मिळते ती एकत्र गोळी. एकाच गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० अन इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. त्यातून लाल काढता येत नाही अन मोठी पण काढता येत नाही. घ्यायची तर चारही, सोडायची तर चारही. शिवाय डोस वजनावर, मोठ्या माणसाला २५ ते ३४ किलोला २ गोळ्या, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, त्याच्यावर अजून. किटमध्ये मात्र ४१ किलोचे मामा अन ५८ किलोचा त्यांचा जावई दोघांनाही एकच पाकीट, अन ५८ वाल्याला ४५० ची लाल कमी पडते. माणूस बरा होताना वजन वाढते तेव्हा पण हे पाहावं लागते.

पण एक बाजू किटवाल्यांची पण खरी आहे, ती सांगितली नाही तर मी पण एकतर्फी झालो. कधी कधी औषधानं लिव्हरला त्रास होतो, डोळे पिवळे होतात, सारख्या उलट्या होतात, जेवण जात नाही. त्या वेळी डॉक्टर सगळी औषधं थांबवतात अन लिव्हर सुधारल्यावर एकेक करून परत चालू करतात, बहुतेक रिफाम्पिसिन आधी, मग आयसोनियाझिड, कोणती गोळी बाधली ते कळावं म्हणून. तिथे सुट्या गोळ्याच लागतात, एकत्र गोळी कामाची नाही. पण बघा, डॉक्टर पण थांबवताना सगळी थांबवतो. एक काढून बाकी चालू ठेवायचं काम घरी बसून नाही होत. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्याच्या पाकिटाची वाट पाहू नका.

मामांना मी दुसऱ्या दिवशी गाडीवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात नेलं, डबा पण सोबत. तिथल्या मॅडमनं डबा पाहून रागावल्या नाहीत, गोळ्या मोजल्या अन कागदावर लिहून घेतल्या. थुंकी घेतली, मशीनवर रिफाम्पिसिनचा रिपोर्ट आला, औषध अजून लागू पडते असा. मी सुटलो म्हणालो तर त्या म्हणाल्या थांबा, हे मशीन रिफाम्पिसिनचंच सांगते, आयसोनियाझिडचं कळायला दुसरी तपासणी लागते, अन तुमच्या मामांनी तेच औषध एकटं चालवलं आहे. तो नमुना नागपूरला गेला. ते दिवस कसे काढले ते आम्हालाच माहीत. रिपोर्ट चांगला आला. नशीब म्हणा, कारण सात दिवस थोडे होते. सात आठवडे असते तर काय आलं असतं सांगता येत नाही.

औषध पहिल्यापासून धरलं, आधीचे २४ दिवस वाया. आता रोज ३ गोळ्या, एका पट्टीत २८ असतात म्हणून तीन पट्ट्या बरोबर २८ दिवस पुरतात. पट्टी मामी ठेवते, गोळ्या तिच्यासमोर घ्यायच्या असं ठरलं. महिन्याचे पोषणाचे पैसे, आता १००० झालेत, खात्यावर यायला लागले, त्यातून मामा शेंगदाणे अन अंडी आणतात अन थोडे खर्ऱ्याला जातात असा मामीचा संशय आहे.

काल फोन केला होता. गुडघे दुखतेच म्हणे. मी विचारलं मग गोळ्या? तर मागून मामीचाच आवाज आला, "सतरा दिवस राह्यले मोठ्या औषधाचे, मी भिंतीवर रेघा मारून ठेवल्या आहेत, रोज एक पुसतो."

त्या कोनाड्यातल्या डब्यात आता शेवया आहेत.