कॉइल लावली पण यू वाढला नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून टाकीतल्या सरळ ट्यूब काढल्या आणि तेवढ्याच लांबीची कॉइल बसवली. ट्यूबचा आतला व्यास १० मिमी, कॉइलचा २०० मिमी. आतून ५० अंशाचं पाणी, मिनिटाला आठेक लिटर, बाहेर टाकीत स्थिर पाणी. यूमध्ये काहीही फरक नाही. सेंट्रिफ्यूगल फोर्सने पाणी बाहेरच्या भिंतीवर दाबलं जातं म्हणून हीट ट्रान्सफर वाढतं वगैरे सगळं पुस्तकी आहे. कॉइलचा फायदा एकच, कमी जागेत जास्त ट्यूब मावते."

तुमचं रीडिंग बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकलाय, आणि त्यात अर्धी चूक माझी आहे. मी लेखात सरसकट "कॉइल केली की यू वाढतो" असं लिहून गेलो. वाढतो तो ट्यूबच्या आतला h, म्हणजे आतलं पाणी आणि भिंत यांच्यात उष्णता किती सहज जाते ते; यू म्हणजे आतल्या पाण्यापासून टाकीतल्या पाण्यापर्यंतचा एकूण हिशोब, तो नाही. लिहिताना घाई झाली, आता तुमच्याच आकड्यांवर नीट करून दाखवतो.

मिनिटाला आठेक लिटर म्हणजे १० मिमीच्या ट्यूबमध्ये वेग साधारण १.६५ मी/से. आणि ५० अंशाच्या पाण्याला रेनॉल्ड्स नंबर Re ३०,००० च्या घरात. म्हणजे फ्लो चांगलाच टर्ब्युलंट, स्वतःच घुसळत जाणारा. सरळ ट्यूबच्या नेहमीच्या फॉर्म्युल्याने आतला h येतो ९,३०० च्या आसपास (वॉट प्रति चौ. मी. प्रति अंश, पुढे प्रत्येक वेळी लिहीत नाही). कॉइलसाठी त्याला डिझाइनवाले एक साधा फॅक्टर लावतात:

h_coil = h_straight × (1 + 3.5 d/D)

d/D म्हणजे ट्यूबचा व्यास भागिले कॉइलचा व्यास, तुमचा आहे ०.०५, म्हणून फॅक्टर १.१७५. आतला h झाला साधारण १०,९५०. साडेसतरा टक्के वाढ, आणि ती खरोखर मिळालीये तुम्हाला, फक्त दिसत नाहीये. कारण बाहेर स्थिर पाणी आहे, तिथे नुसत्या नॅचरल कन्व्हेक्शनवर h समजा ७०० धरला (भिंतीचा रेझिस्टन्स आणि आतल्या-बाहेरच्या एरियातला फरक सोडून देऊ) तर सरळ ट्यूबचा यू ६५१ आणि कॉइलचा ६५८. एक टक्का! तेवढा फरक तुमच्या थर्मामीटरच्या चुकीतच जिरून जातो. एकूण रेझिस्टन्सपैकी ९३ टक्के बाहेर बसलाय आणि आपण आतल्या सात टक्क्यांवर मेहनत करतोय.

आता "दाबलं जातं" या शब्दाकडे येतो, कारण गोंधळ तिथेच आहे. नुसतं दाबलं जाऊन काहीच होत नाही. सगळं पाणी एकाच वेगाने वळलं असतं तर बाहेरच्या भिंतीकडे प्रेशर थोडं वाढून सेंट्रिफ्यूगल फोर्सला तोलून धरलं असतं आणि पाणी गप्प आपल्या जागी वाहिलं असतं. पण ट्यूबमध्ये मधलं पाणी जोरात असतं आणि भिंतीलगतचं जवळपास थांबलेलं. प्रेशरचा उतार दोघांना सारखाच लागू होतो, तो मधल्याला पुरत नाही आणि भिंतीजवळच्याला जास्त होतो. मग मधलं पाणी बाहेरच्या बाजूला सरकतं, आणि भिंतीजवळचं संथ पाणी वरून आणि खालून भिंतीला धरून आतल्या बाजूला परततं. असे एकमेकांच्या उलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात, यालाच सेकंडरी फ्लो म्हणतात. डीनने १९२७-२८ मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून De = Re·√(d/D) हा डीन नंबर.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. ८ मिमीची पारदर्शक नळी, थोडी सरळ ठेवून पुढची बादलीला गुंडाळलेली, पाणी मिनिटाला दोनशे मिलीपेक्षा जरा कमी, आणि सुरुवातीला इंजेक्शनच्या सुईने शाईची बारीक धार सोडली. सरळ भागात शाई दोऱ्यासारखी मधोमध जाते, अजिबात पसरत नाही. वळणावर आली की तो दोरा बाहेरच्या भिंतीकडे झुकतो, तिथे फाटतो आणि दोन पट्टे भिंतीवरून मागे आतल्या बाजूला येताना दिसतात. रेनॉल्ड्स नंबर जेमतेम ५००, म्हणजे टर्ब्युलन्सचा संबंधच नाही, तरी पाणी असं घुसळलं जातं.

आणि अशा न घुसळता थराथराने वाहणाऱ्या लॅमिनर फ्लोमध्येच कॉइलची खरी मजा आहे. टर्ब्युलंट फ्लोमध्ये एडीज आधीच घुसळत असतात, त्यात हे दोन भोवरे थोडीशी भर घालतात, म्हणून १७ टक्के. लॅमिनरमध्ये घुसळणारं दुसरं कोणीच नसतं. तुमच्याच कॉइलमधून तेल सोडा, Re 1000, प्रांड्टल नंबर Pr 100, लांबी ६ मी. सरळ ट्यूबचा नसेल्ट नंबर, म्हणजे h चंच एकक नसलेलं रूप, पुस्तकातला ३.६६ धरायचा मोह होतो, पण तो पूर्ण डेव्हलप झालेल्या फ्लोचा, तेल सहा मीटरात तिथे पोचतच नाही, म्हणून प्रामाणिक आकडा ९ च्या आसपास येतो. कॉइलला श्मिटच्या फॉर्म्युल्याने येतो ४१ ते ४२. जवळपास साडेचार पट. डीन नंबर इथे २२४ आहे आणि त्याला फ्रिक्शन फॅक्टर साधारण दुप्पट होतो, म्हणजे पंपाला दुप्पट प्रेशर ड्रॉप द्यायचा आणि h साडेचार पट घ्यायचा. हा सौदा मला तरी स्वस्तच वाटतो. (३.६६ शी तुलना करून "अकरा पट" सांगणारे लोकही भेटतात, त्यांच्याकडून काही विकत घेऊ नका.)

एक मेख आहे, ती मात्र लक्षात ठेवा. वळणामुळे टर्ब्युलन्स लांबतो. सरळ ट्यूबमध्ये Re २,३०० च्या आसपास गडबड सुरू होते, तुमच्या d/D ला ती ७,५०० च्या आसपास होते. त्यामुळे Re 5000 ला सरळ ट्यूब टर्ब्युलंट आणि कॉइल अजून लॅमिनर असा उलटा प्रकार असतो, आणि तिथे सरळ ट्यूबच्या टर्ब्युलंट h ला वरचा १.१७५ लावून मोकळं होणं चूक आहे. तुमच्या पाण्याला Re 5000 ला दोन्हीकडचे फॉर्म्युले वेगवेगळे लावून बघितले तर सरळला नसेल्ट ३२ आणि कॉइलला ४० येतो. कॉइलच पुढे आहे, पण कारण पूर्ण वेगळं आहे.

शिवाय h ट्यूबच्या सगळ्या घेराला सारखा नसतो. बाहेरच्या भिंतीवर जास्त, आतल्या भिंतीवर सगळ्यात कमी, कारण तिथे फिरून दमलेलं, भिंतीचंच तापमान घेतलेलं पाणी येतं. बाहेरून तापवून आत काही करपणारं द्रव नेत असाल तर थर आधी आतल्या बाजूला धरतो. सरासरी h बघून हे कळत नाही.

तुमच्या टाकीत अडलंय कुठे हे पडताळायचं असेल तर आतला फ्लो निम्मा करा आणि यू पुन्हा काढा. नुसतं आउटलेटचं तापमान बघू नका, ते फ्लो कमी केल्यावर बदलणारच, एलएमटीडी, म्हणजे दोन्ही टोकांच्या तापमान-फरकांची लॉग सरासरी, घेऊन यू काढा. मिनिटाला चार लिटरला Re १५,००० राहतो, कॉइल अजून टर्ब्युलंटच, आतला h तिथे चाळीसेक टक्के पडेल, पण यू फार तर पाच-सहा टक्के हलेल. तसं झालं तर आतल्या बाजूला काहीही केलंत तरी उपयोग नाही.

आणि टाकीत साधा स्टिरर टाकून बाहेरचा h समजा २,५०० वर नेलात तर यू दोन हजारांच्या आसपास जातो, आहे त्याच्या तिप्पट. त्यातही कॉइलचा वाटा तीनेक टक्केच असेल, ते मात्र मी आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुन्हा प्रतिक्रिया येईल.