अण्णांचा अर्धा टक्का

निपाणीच्या भर बाजारात, चार गिऱ्हाइकांसमोर, पाइपांच्या दुकानात परवा मला ‘लबाड’ म्हटलं गेलं. मी तिथं पाइप कंपनीचा ऑडिटर म्हणून गेलो होतो. कंपनीनं मार्चअखेर त्या दुकानाला द्यायच्या सवलतीच्या स्कीमपोटी 51 हजारांची तरतूद केली होती आणि डीलरनं खातेउताऱ्यावर सही करून पाठवायला नकार दिला होता. एवढंच विचारायचं होतं.

गल्ल्यावरच्या अण्णांनी मला सेल्समन ठरवलं. “काय ओ, परत आलासा तोंड घेऊन? आमचा अर्धा टक्का कुठं हाय?”

“अण्णा, मी ऑडिटर.”

“कोण का असंना! कंपनीचंच न्हवं?”

मग खतावणी नाही, फाइल नाही, अण्णांनी मोबाईल काढला आणि आवाज पूर्ण वाढवून 22 मार्चचा व्हॉइस मेसेज लावला. सेल्स ऑफिसर अगदी लाडात येऊन सांगत होता, “अण्णा, मार्चच्या आत पन्नास लाख पार करा, अर्धा टक्का जादा माझ्याकडनं.” बांधकामाचा नळ घ्यायला आलेल्या एका बाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला. “माणूस गोड बोलतोय बघा,” असंही त्या वरून म्हणाल्या. चहा त्यांना मिळाला. मला नाही.

पण पुरावा पक्का होता. स्कीम अशी, की वर्षाची मालाची उचल 50 लाखांवर गेली तर सगळ्या उचलीवर 2 टक्के, नाहीतर 1. अण्णांची उचल 51 लाख, म्हणजे 1 लाख 2 हजार. वर कबूल केलेला अर्धा टक्का, 25,500. एकूण देणं 1,27,500. कंपनीनं जुन्या 1 टक्क्यावरच गाडी ठेवली होती, म्हणजे 76,500 कमी.

फायनान्स मॅनेजर म्हणाले, “डीलरच्या खात्यात सूट जमा करायची क्रेडिट नोट 28 एप्रिलची आहे, म्हणजे खर्च पुढच्या वर्षाचा.” अहो, कागद कधीही फाडा, विक्री मार्चची, शब्द मार्चचा, तर विक्रीतून वजावटही मार्चातच! “तोंडी शब्दाला कोण विचारतो?” म्हणून त्यांनी हात झटकले. मी मागच्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या क्रेडिट नोटा काढल्या. ‘स्पेशल सपोर्ट’ या गोंडस नावाखाली असाच अर्धा टक्का डीलरांना दिलेला. दरवर्षी शब्द पाळला जात असेल तर डीलर त्यावर विसंबणारच, आणि हिशेबानंही विसंबायला हवं. तरतुदीची यादी तपासून ही चूक कधी सापडणार नाही, कारण जे लिहिलंच नाही ते यादीत कुठून येणार? म्हणून वर्षअखेरीनंतरच्या नोटा उलट्या चाळायच्या, पन्नास लाखांच्या उंबऱ्यावरचे डीलर वेगळे काढायचे आणि त्यांनाच विचारायचं.

“एका डीलरचे 76 हजार, किरकोळ आहे,” इति मॅनेजर. चिकोडी, संकेश्वर, खानापूर इथल्या डीलरांची बेरीज करायला मी बसलो तेव्हा मात्र सगळा विभाग अचानक जेवायला गेला.

मॅनेजरनी माझा नंबर अण्णांना दिलाय. अण्णा सकाळी सातला फोन करतात. “काय ओ लबाड साहेब, झालं काय आमचं?”