लाल पास

२०२३ च्या दिवाळीआधी आमच्या पाटण तालुक्यातल्या घरी बाबांचा गिरणीतला जोडीदार आला. कापड विणायच्या साचाखात्यात दोघांचे साचे शेजारी होते. लालबागच्या चाळीत खोल्या समोरासमोर, खानावळ एकच. बाबा इकडचे, काका आजऱ्याकडचे. दोघं शेवटचे बोलले ते १९८३ च्या शिमग्याच्या आसपास. बाबा गिरण्यांच्या संपात अखेरपर्यंत बाहेर राहिले आणि काका आत गेले, एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर कधी कुणी बोललं मात्र नाही.

काका आले, पायावर पाणी घेतलं, चटईवर बसले. कापडी पिशवी मांडीजवळ ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. तो हात दुपारभर तिथून हलला नाही.

"पाऊस कसा झाला गड्या औंदा?"

"सरायच्या वक्ताला लई पडला. तुमच्याकडं?"

"तसाच की."

पावसावर अर्धा तास गेला. मग गुडघे. मग कान, कारण दोघांनाही कमी ऐकू येतं. साचाखात्यात उमेदीची वर्षं घातलेल्या माणसांचं हे नेहमीचं दुखणं. शेकडो साचे एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडूनही काही पोचत नसे. त्यामुळे ही माणसं ओठ आणि हात बघून बोलायला शिकली. धोटा अडकला, तार तुटली, जॉबर आला, चहाला चल, हे सगळं आवाजाशिवाय चालायचं. पुढे खानावळीच्या बाई निघाल्या, नाइट पाळी निघाली, सात वाजताचा भोंगा निघाला. प्रत्येक गोष्ट १९८१ पर्यंत येई आणि तिथून मागे वळे. बोनसचं नाव निघालं की दोघं चहाचा कप उचलत.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, तुम्ही परत कामावर कधी गेलात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांना विचारलं, "यस्टी किती वाजता हाय रं?" पिशवीवरचा हात घट्ट झाला होता.

त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते. आमच्या पिढीला वाटतं, मनातलं बोलून टाकलं की मोकळं होता येतं आणि न बोलणारी माणसं पळ काढत असतात. त्या दुपारी मला दिसलं की ते दोघं मूळ विषयावरच बोलत होते, फक्त जिथून चालता येईल अशा वाटेनं जात होते. मी मध्येच आडवा गेलो.

संपाची गोष्टही आम्ही अशीच सरळ करून टाकली आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, दत्ता सामंत पुढे होते, आणि तो मागे घेतल्याचं रीतसर कधी जाहीर झालंच नाही. मग आमच्या बोलण्यात दोनच जाती उरतात, लढलेले आणि फुटलेले. पण कोण किती महिने टिकला हे पुष्कळदा निष्ठेवर नाही, गावाकडच्या कणगीवर ठरलं. पगार बंद झाल्यावर खानावळीची उधारी दोन-चार महिने चालली. नंतर ज्याला गावी जमीन होती तो गावी गेला. बाबांची भावकीत मिळून दोन एकर भातशेती होती, चुलते कसत होते. घरी पैसा नव्हता, पण ताटात भात होता. काकांच्या वाट्याला जमीन नव्हती. आजारी आई, दोन पोरं आणि गावाकडून येणारी पत्रं होती. ज्याचं घर मनिऑर्डरवर चाललं होतं, त्यानं संपाच्या दुसऱ्या वर्षी काय करायला हवं होतं, हे मला भरल्या पोटी सांगता येत नाही. बाबा बाहेर राहिले याचा मला अभिमान आहे आणि तो राहणार. त्या अभिमानाखाली चुलत्यांचं भात होतं, एवढंच मला उशिरा समजलं.

बाबा उठले. "यस्टीला लई येळ हाय. चल, मळणी दावतो."

काका पिशवी घेऊन निघाले. मी चार पावलं मागे होतो. बांधावर काका थांबले, कापलेल्या खाचराकडे बघत म्हणाले, "त्या साली किती झालं हुतं भात?"

कुठल्या साली, हे बाबांनी विचारलं नाही. "पाच पोती," म्हणाले.

"पाच."

"हां. आम्ही खाणारी अकरा."

"तरी पाच," काका म्हणाले.

दुपारभराच्या गप्पा मला तिथे उलगडल्या. पाऊस का निघाला होता, शेत कोण बघतं हे तीनदा का विचारलं होतं. चाळीस वर्षं सोबत वागवलेला प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि बाबांनी आकडा न चोरता उत्तर दिलं होतं.

खळ्यावर मळणीचं मशीन चालू होतं. कानठळ्या बसवणारा आवाज, पेंढ्याची धूळ. आम्ही लांब उभे राहतो तिथे ते दोघं अगदी जवळ गेले, समोरासमोर. काकांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. बाबांचा गिरणीतला लाल पास होता. संपात गावी येताना बाबा आपली पत्र्याची ट्रंक काकांकडे ठेवून आले होते आणि नंतर ती मागायला कधी गेले नाहीत. गिरणीतला तिकीट नंबर दाखवणारं दुसरं काही बाबांकडे नसल्यानं गिरणी कामगारांसाठीच्या घराचा अर्ज अडून राहिला होता. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांना ते घर मिळू शकतं. त्या तारखेला दोघंही आपापल्या साच्यावर होते. आत गेलेला आणि बाहेर राहिलेला, असा भेद तिथे नाही.

पास हातात देताना काकांचे ओठ हलायला लागले. आवाज काढण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. एका हातानं खूण केली, ती मी कधी पाहिलेली नव्हती. बाबा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. मग बाबांचे ओठ हलले, थोडेच. काकांनी मान हलवली, पुन्हा बोलले, या वेळी बराच वेळ. मला एक अक्षर कळलं नाही. मशीन बंद झालं तसे दोघं गप्प झाले, आणि बाबा मोठ्यानं म्हणाले, "धूळ लई हाय, चल माघारी."

रात्री मी विचारलं नाही. आईनं विचारलं. बाबा म्हणाले, "साच्यावरचं बोलणं साच्यावर."

काका निघाले तेव्हा बाबांनी नव्या भाताचं अर्धं पोतं ओसरीवर आणून ठेवलं होतं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मी उचलायला वाकलो तर त्यांनी मला हातानं बाजूला केलं, पोतं स्वतःच खांद्यावर घेतलं आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले. बाबा त्यांच्या जोडीनं चालत गेले.