गिझरची टपटप

आमच्या न्हाणीघरातील गिझरच्या खाली, थंड पाण्याच्या नळीवर, एक छोटा पितळी व्हॉल्व्ह आहे. गेल्या महिन्यापर्यंत त्याच्याशी माझी ओळखदेख नव्हती. मग तो टपटपू लागला आणि रात्री दोन वाजता त्याचा एकेक थेंब मला मोजता येऊ लागला.

शेजारच्या काकांनी तत्काळ उपाय सांगितला: "त्याच्या तोंडात खुंटी ठोका, विषय संपला." विषयाबरोबर मीही संपलो असतो. गिझरमधील पाणी तापले की फुगते. पंचवीस लिटरच्या टाकीतले पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर गेले की साधारण साडेतीनशे मिलिलिटर, म्हणजे दीड-दोन पेले, जास्त होते. हे वाढलेले पाणी आल्या वाटेने परत जाऊ शकत नाही, कारण ती वाट एकतर्फी झडपेने बंद केलेली असते. नळही बंद असला, तर दाब चढत जातो आणि आठ बारच्या आसपास या व्हॉल्व्हमधली स्प्रिंग हार मानून थोडे पाणी बाहेर सोडते. तेव्हा पाणी तापत असताना होणारी टपटप हा दोष नसून कर्तव्य आहे. हे मी सौभाग्यवतींना समजावले. त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "मग गिझर बंद असताना हा कोणते कर्तव्य करतो?"

प्रश्न बिनतोड होता. मी रात्री गिझरचे बटण बंद केले, टाकी पूर्ण थंड होऊ दिली आणि व्हॉल्व्हखाली बादली ठेवली. सकाळी तीत चार लिटर पाणी होते. थंड पाणी फुगत नाही, म्हणजे संशयित दोनच उरले: एक तर बाहेरून येणारा दाब, नाहीतर खुद्द व्हॉल्व्ह. दाबाचा हिशेब सोपा निघाला. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, टाकी गच्चीवर, मध्ये तीसेक मीटर उंची. दर दहा मीटरला एक बार धरला तरी तीनच बार होतात. (पंपाने दाब वाढवलेल्या उंच इमारतीत मात्र आधी दाबमापक लावून पाहावे आणि दाब फार निघाला तर तो कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर नवा व्हॉल्व्हही जुन्यासारखाच रडेल.)

मग आठवले, आठवड्यापूर्वीच सोसायटीने टाकी धुतली होती. व्हॉल्व्हची छोटी दांडी उचलताच आतून पाण्याबरोबर रेतीचे कण भसकन बाहेर आले आणि झडप जिथे घट्ट टेकते ती रबराची बैठक स्वच्छ होऊन टपटप थांबली. मी दोन दिवस विजयी मुद्रेने वावरलो. तिसऱ्या रात्री ती पुन्हा सुरू झाली. रेतीने त्या बैठकीवर चरा पाडला होता, आणि तो धुऊन जाणारा नव्हता.

प्लंबरने वीज आणि पाणी बंद करून, टाकी रिकामी करून, नवा व्हॉल्व्ह बाणाची दिशा पाहून बसवला. "जास्त दाबाचा बसवू का, म्हणजे गळणारच नाही?" असे त्याने विचारले. मी आठ बारवरच अडून बसलो, कारण टाकीला किती सोसते ते तिच्यावर लिहिलेले असते आणि व्हॉल्व्हने त्यापूर्वीच उघडायचे असते. आता तो फक्त सकाळी, पाणी तापताना, चार थेंब टाकतो. सौभाग्यवतींनी त्याच्याखाली तुळशीची कुंडी ठेवली आहे.