‘संपूर्ण मजकूर खोटा व नाकबूल’ म्हणे!

आज परत तेच. घरमालकाच्या वकिलाची सात परिच्छेदांची नोटीस, आणि तिला भाडेकरूचं उत्तर काय, तर एक ओळ: ‘आपल्या नोटिशीतील परिच्छेद 1 ते 7 मधील संपूर्ण मजकूर खोटा असून मला मान्य व कबूल नाही.’ झालं. सही, तारीख, रवाना!

अहो, परिच्छेद 1 वाचला का? त्यात लिहिलंय की नोटीस देणारा जागेचा मालक आहे आणि तुम्ही त्याचे भाडेकरू. तेही खोटं? मग तुम्ही तिथे राहता कोणत्या नात्याने? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 111(g) असं आहे की भाडेकरूने जागा आपली किंवा तिसऱ्याचीच आहे असा हक्क सांगितला, तर तेच भाडेपट्टा संपवायचं कारण होऊ शकतं. एका ओळीने तेवढं होईलच असं नाही, पण समोरच्या वकिलाला हे शेपूट धरायला तुम्हीच कशाला देता? ‘परिच्छेद 1 मधील मालकी व भाडेकरूपणाबाबतचा मजकूर बरोबर आहे.’ हे लिहिताना हात झडतो का?

पण आज डोकं खरं फिरलं ते परिच्छेद 3 वरून. मूळ वाक्य असं: ‘आपण जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांचे दरमहा 18,000 रुपयांप्रमाणे 54,000 रुपये भाडे थकवले असून वारंवार मागणी करूनही ते देण्याचे जाणूनबुजून टाळले आहे.’ यात एक आरोप नाही, चार आहेत. भाड्याचा दर, थकलेले महिने, मागणी आणि हेतू. नोटीस लिहिणारा ते मुद्दाम एका वाक्यात कोंबतो. खऱ्या दोन गोष्टींच्या मधे खोट्या दोन सारल्या की उत्तर देणारा एकतर सगळं गिळतो नाहीतर सगळं थुंकतो.

आणि या महाशयांनी जानेवारी-फेब्रुवारीचं भाडं बँकेतून भरलेलं! खातेउतारा हातात! फक्त मार्च बाकी. तरी उत्तर काय? ‘नाकबूल.’ उद्या कोर्टात हाच उतारा दाखवाल तेव्हा त्यावर दरमहा 18,000 दिसणार, आणि उत्तरात तुम्ही दरही नाकारलेला. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येणार.

दुसरा प्रकार याहून वाईट: ‘मी 54,000 रुपये थकवले हे खोटे आहे.’ बरं, मग किती थकवले? 53,000? नुसता आकडा नाकारला की त्याहून कमी रक्कम बाकी असल्याचा वास येतो. दाव्यातल्या कैफियतीसाठी, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 8, नियम 4 नेमकं हेच सांगतो: रक्कम नाकारायची तर ती आणि तिचा कोणताही भाग नाकारा, नाहीतर खरी किती ते सांगा. नोटिशीच्या उत्तराला तो नियम थेट लागू नाही, पण हेच उत्तर पुढे पुराव्यात दाखल होतं, आणि तेव्हा ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ चालत नाही.

आता नीट वाचा: ‘परिच्छेद 3 मधील मासिक भाडे 18,000 रुपये असल्याचा मजकूर बरोबर आहे. जानेवारी व फेब्रुवारीचे भाडे थकले हे नाकबूल. ते अनुक्रमे 5 जानेवारी व 4 फेब्रुवारी रोजी आपल्या अशिलांच्या खात्यात जमा केले असून उताऱ्याची प्रत सोबत जोडली आहे. मार्चचे 18,000 रुपये देणे होते. ते आजच जमा केले आहेत. याखेरीज कोणतीही रक्कम बाकी असल्याचे, वारंवार मागणी झाल्याचे व जाणूनबुजून टाळल्याचे नाकबूल आहे.’ चार आरोपांना चार उत्तरं. (‘आजच जमा केले’ लिहिताना खरोखर जमा करा, बाबांनो.) महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू असलेल्या भाडेकरूवर थकबाकीच्या कारणाने जागा खाली करून घेण्याचा दावा नोटिशीनंतर 90 दिवस लावता येत नाही, त्या मुदतीचा उपयोग भांडायला नव्हे, भरायला करायचा. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी मात्र या 90 दिवसांवर विसंबू नये, त्यांचा मार्ग वेगळा आहे.

एका ‘नाकबूल’वरून इतका घसा कोरडा करणाऱ्या माणसाला घरचे जेवायला कसे बोलावतात, हे मलाही कोडंच आहे. असो.

आता मागच्या तक्रारीही निघू द्या. नोटीस लिहिणारे परिच्छेद 3 दोनदा देतात आणि 4 गायब करतात. तिथे ‘दुसरा परिच्छेद 3’ असं लिहून उत्तर द्या, स्वतःचे नवे आकडे पाडू नका. फ्लॅटच्या नोटिशीत ‘सदर गाळा’ आला असेल तर तो मजकूर वेगळा नाकारा. नोटीस खर्चाची मागणी शेवटी असतेच, तीही नाकारायची असते, पण तिथवर पोचेपर्यंत सगळे दमलेले. आणि व्हॉट्सॲपवर ‘तुमची नोटीस मिळाली, बघून घेतो’ पाठवून उत्तर दिलं म्हणणाऱ्यांनो, ‘मिळाली’ एवढंच त्यातलं कबूल झालंय.